पहिला फोन कुणाला करायचा?

«लोहार चाळीत इलेक्ट्रिकल सामानाचा होलसेल धंदा आहे. पन्नासेक पार्ट्या उधारीवर. टॅलीतून ३०-६०-९० चा रिपोर्ट निघतो, पण सोमवारी पहिला फोन कुणाला करायचा ते त्यातून कळत नाही. यादी कशी लावायची?»

आधी बघा, तुमचा रिपोर्ट दिवस कुठून मोजतोय, बिलाच्या तारखेपासून की मुदत संपल्यापासून. समजा ५ मेची दोन बिलं आहेत. एका पार्टीला ६० दिवसांची उधारी, दुसरीला १५ दिवसांची. ३० जूनला दोन्ही बिलं ५६ दिवस जुनी, म्हणून दोन्ही ३१-६० च्या रकान्यात. पण पहिलीची मुदत ४ जुलैपर्यंत आहे, तिला फोन केलात तर उगाच वाईटपणा. दुसरी २० मेपासून थकलीय, म्हणजे ४१ दिवस. वसुलीसाठी रकाने मुदतीच्या तारखेवरच पाडा. त्यासाठी प्रत्येक पार्टीच्या खात्यात उधारीचे दिवस भरलेले हवेत. एक्सेलमध्ये काढत असाल आणि मुदतीची तारीख D2 मध्ये असेल, तर उशीर असा मोजा:

```
=MAX(0, TODAY()-D2)
```

मग `On Account` पडलेले पैसे. पार्टी गोल रक्कम पाठवते, कोणत्या बिलापोटी ते सांगत नाही, आणि आपला माणूस बिलाला न लावता जमा करून मोकळा होतो. मी ज्यांचे हिशोब बघतो त्यांच्याकडे रिपोर्ट बिघडण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण. ओळखायची खूण सोपी आहे: एकाच पार्टीची जुनी बिलंही उघडी दिसतात आणि खाली वजा रक्कमही दिसते. असे पैसे `Agst Ref` करून बिलांना लावा. पार्टीने बिल नंबर दिला असेल तर त्याच बिलाला, नाहीतर सगळ्यात जुन्याला. हे न करता फोन केला की समोरचा म्हणतो, ‘अहो शेठ, पैसे तर कधीच पाठवले, तुमचं खातं तपासा,’ आणि पुढचा महिना तुम्हीच बचावात.

आता क्रम. नुसत्या रकमेवर लावला तर मोठी पण नियमित पार्टी वर येते, नुसत्या दिवसांवर लावला तर किरकोळ जुनी बिलं वर येतात. मी थकलेली रक्कम उशिराच्या दिवसांनी गुणतो, पण आधी त्या पार्टीचा नेहमीचा उशीर वजा करतो. तो मागच्या वर्षभराच्या पावत्यांवरून कळतो.

चार पार्ट्या घेऊ. वसईचा पॅनलवाला: ९० च्या पुढे १,८०,०००, पण दीड लाख `On Account` पडलेले. ते लावल्यावर एकाच बिलाचे ३०,००० उरतात, उशीर १०० दिवस, सवय २० ची. ८० गुणिले ३०,००० म्हणजे २४ लाख. अंधेरीचा कॉन्ट्रॅक्टर: २,४०,०००, उशीर ४१, सवय १० ची, म्हणजे ७४ लाखांच्या वर. भिवंडीवाला: ४ लाख, उशीर १२, पण तो दर वेळी बाराएक दिवस लावतोच, म्हणजे शून्य. ठाण्याचा डीलर: ७५,०००, उशीर २१० दिवस. गुणाकारात तो सगळ्यांच्या वर जाईल, पण त्याने माल परत केलाय आणि क्रेडिट नोट अजून तुमच्याकडूनच निघालेली नाही. त्याला तगादा लावून काय मिळणार? वादातली बिलं या यादीतून काढून वेगळ्या कागदावर घ्या आणि ज्या सेल्समनने माल दिला त्याच्या नावावर टाका.

म्हणजे पहिला फोन अंधेरीला, दुसरा वसईला. भिवंडीला खातेउतारा व्हॉट्सअ‍ॅप केला तरी पुरे. मूळ रिपोर्टमध्ये मात्र वसईवाला ९० च्या रकान्यात ठळक दिसत होता आणि अंधेरीवाला मधे कुठेतरी दडला होता.

बिलाच्या तारखेचा रकानाही ठेवा, तो एका कामासाठी लागतो. बिलापासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेणाऱ्याला जीएसटीचं इनपुट क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा घेता येतं. वसईवाल्याची उधारी ३० दिवसांची होती, म्हणजे ते बिल १३० दिवसांचं झालं. त्याच्या अकाउंटंटला एवढं सांगितलं की तोच मालकाच्या मागे लागतो. बाजारात ४५ दिवसांच्या एमएसएमई नियमाचीही भीती घालतात, पण इन्कम टॅक्सची ती तरतूद उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. नुसत्या ट्रेडरने ती सांगितली तर जाणकार पार्टी हसेल.

यादीत शेवटचा रकाना शब्दाचा: कोण बोललं, किती आणि कोणत्या तारखेला देतो म्हणालं. ‘शेठ बाहेर आहेत’ हा शब्द नव्हे, तिथे रकाना रिकामाच ठेवा. अंधेरीवाला ‘बुधवारी एक लाखाचा चेक’ म्हणाला, तर बुधवारपर्यंत त्याला छेडू नका. चेक आला नाही तर गुरुवारी सकाळी गुणाकार न बघता तो पहिल्या नंबरवर, आणि तोवर त्याचा नवा माल गोडाऊनमधून निघणार नाही.