भागीदाराचा प्रवेश: फोटोत सुटलेली ओळ

अनिल आणि सुनील 3:2 प्रमाणात भागीदार असताना विनयचा प्रवेश होतो, या एकाच उदाहरणाचे फोटो तीन वाचकांनी पाठवले आहेत.

विनयला 1/5 हिस्सा दिला आहे. नवे प्रमाण 3:2:1 लिहिले, ते चूक कसे? (विद्यार्थिनी, कोपरी, ठाणे)

3:2:1 मध्ये विनयला 1/6 मिळतो. एकातून 1/5 वजा करून उरलेले 4/5 जुन्या प्रमाणात वाटले, की अनिलला 12/25, सुनीलला 8/25 आणि विनयला 5/25, म्हणजे 12:8:5 हे नवे प्रमाण येते. जुन्या हिश्श्यातून नवा वजा केल्यास त्याग अनुक्रमे 3/25 आणि 2/25, म्हणजे 3:2 इतका होतो.

मात्र तुमच्या फोटोत खालची ओळ कापली गेली आहे. ऐरोलीच्या वाचकांच्या फोटोत ती स्पष्ट आहे: विनय आपला हिस्सा अनिलकडून 3/20 आणि सुनीलकडून 1/20 असा घेतो. त्यामुळे अनिलकडे 9/20, सुनीलकडे 7/20 आणि विनयकडे 4/20 राहून नवे प्रमाण 9:7:4, तर त्यागाचे प्रमाण 3:1 होते. पूर्ण पान पाहिल्याशिवाय गणित सुरू करू नये, ते यासाठीच.

पुनर्मूल्यांकनाचा नफा 9,200 येतो, उत्तरात 10,000 आहे. (वाशी)

इमारतीची वाढ 20,000, यंत्रांवरील घट 6,000 आणि अदत्त खर्च 2,800 तुम्ही बरोबर घेतले आहेत. चूक संशयित कर्ज निधीत आहे. 40,000 च्या ऋणकोंवर 5 टक्के म्हणजे 2,000 हवेत, पण ताळेबंदात 800 आधीच आहेत, म्हणून फक्त 1,200 नावे टाकायचे. 10,000 चा नफा जुन्या भागीदारांनी कमावलेला असल्यामुळे तो जुन्या 3:2 प्रमाणातच जातो:

पुनर्मूल्यांकन खाते नावे 10,000
अनिलच्या भांडवल खात्याला 6,000
सुनीलच्या भांडवल खात्याला 4,000

विनयने भांडवलाचे 80,000 आणि ख्यातीचे 20,000 रोख आणले, तर ख्याती कोणत्या प्रमाणात वाटायची? (ऐरोली)

त्यागाच्या प्रमाणात, कारण हा पैसा सोडलेल्या हिश्श्याचा मोबदला आहे. येथे ते प्रमाण 3:1 आहे:

रोख खाते नावे 1,00,000
विनयच्या भांडवल खात्याला 80,000
ख्याती खात्याला 20,000

ख्याती खाते नावे 20,000
अनिलच्या भांडवल खात्याला 15,000
सुनीलच्या भांडवल खात्याला 5,000

ती ओळ नसती, तर वाटणी 12,000 आणि 8,000 झाली असती. तेव्हा त्यागाचे आणि जुने प्रमाण एकच असल्याने, कोणी चुकून जुन्या प्रमाणात वाटले तरी उत्तर जुळते आणि चूक झाकली जाते. 3:1 मध्ये ती लगेच उघडी पडते. जुन्या ताळेबंदात ख्याती आधीच दाखवलेली असेल, तर ती मात्र दोघांच्या भांडवल खात्यांना 3:2 प्रमाणात नावे टाकून आधी बंद करावी.