झाकण टेकलं की ठण्ण

माझं मालवणी स्वयंपाकाचं चॅनेल आहे. तीन सेकंदांचा लोगो केलाय : वरून झाकण येतं आणि पातेल्यावर बसतं. ते बसतं त्याच फ्रेमवर मी ‘ठण्ण’ आवाजाची फाइल ठेवली आहे, तरी चित्र आणि आवाज वेगवेगळे वाटतात. — घोडबंदर रोड

तुम्ही पाठवलेली फाइल मी एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिली. गडबड दोन ठिकाणी आहे आणि मोठी गडबड चित्रात आहे.

तुम्ही झाकणाच्या हालचालीला सॉफ्टवेअरमधलं तयार ‘ईझी ईझ’ लावलंय. त्यामुळे झाकण खाली येताना शेवटच्या सात-आठ फ्रेम्समध्ये हळू होत जातं आणि अलगद थांबतं. हाताने जपून ठेवलेलं झाकण असंच बसतं आणि त्याचा आवाज होत नाही. पडणारी वस्तू टेकेपर्यंत वेग घेत असते आणि टेकताक्षणी थांबते. तुमच्या चित्रात टेकण्याचा क्षणच नाही, मग ‘ठण्ण’ कुठेही ठेवला तरी उपराच वाटणार.

तुमचे व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम्सचे आहेत, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीन सेकंदांच्या झाल्या ७५ फ्रेम्स. झाकण १०व्या फ्रेमला सुटू दे आणि २२व्या फ्रेमला टेकू दे. पडणारी वस्तू अर्ध्या वेळात फक्त पाव अंतर कापते, म्हणून १६व्या फ्रेमला झाकण वरून पाव अंतरावरच दिसलं पाहिजे. ग्राफ एडिटरमधली रेषा शेवटी चढी हवी, सपाट नको. २२व्या फ्रेमला झाकण पूर्ण टेकलेलं. पुढच्या दोन फ्रेम्समध्ये पातेलं किंचित दबतं, मग झाकण बोटभर उडतं, २८व्या फ्रेमला पुन्हा टेकतं आणि तिथेच राहतं. नंतरच्या ४७ फ्रेम्स, म्हणजे जवळजवळ दोन सेकंद, काहीही हलवू नका. नाव वाचायला एवढा वेळ लागतोच.

आता आवाज. फाइल जिथे सुरू होते तिथे ठोका असतोच असं नाही. तुमची फाइल मोठी करून पाहिली, तर सुरुवातीला साधारण ८० मिलिसेकंद नुसती शांतता आहे. म्हणून २२व्या फ्रेमवर ठेवलेला ठोका प्रत्यक्षात २४व्या फ्रेमला वाजतोय. ध्वनिरेषा जिथे एकदम उभी राहते तिथे कापा आणि ती कापलेली कड २२व्या फ्रेमच्या सुरुवातीला, म्हणजे ८८० मिलिसेकंदांवर लावा. मागची ‘हूऽऽश’ २१वी फ्रेम सुरू होतानाच तोडा. ती एका फ्रेमची शांतता ठोक्याला धार देते. २८व्या फ्रेमच्या छोट्या उसळीला बारीकशी ‘टिक’ द्या. ती कानाला वेगळी जाणवत नाही, पण नसेल तर झाकण हलकं, प्लॅस्टिकचं वाटतं.

लायब्ररीतले आवाज सगळ्यांच्याच चॅनेलवर ऐकू येतात, म्हणून घरच्या भांड्यांचा आवाज रेकॉर्ड करायचा आहे. पण घर रेल्वेलाइनला लागून आहे आणि माझ्याकडे फक्त फोन आहे. — कळवा

फोन पुरतो. घरचंच भांडं वाजवायचं ठरवलंत याचा मला खरंच आनंद झाला. शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली सुटायच्या आत बसा, पंखा बंद करा. रेकॉर्डिंग ॲपमध्ये बोलणं स्वच्छ करायची किंवा गोंगाट कमी करायची सोय चालू असेल तर ती आधी काढा, कारण ती ठोक्यालाच गोंगाट समजून दाबते. फोन भांड्यापासून हातभर लांब ठेवा. अगदी जवळ ठेवलात तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही.

एकाच भांड्यावर अवलंबून राहू नका. मी तीन आवाज एकावर एक ठेवतो. स्टीलच्या वाटीवर चमच्याचा कोरडा ‘टक्’ सुरुवातीची कड देतो. लोखंडी तव्यावर लाटण्याचा ठोका अंग देतो. पितळी भांड्याचा लांबणारा नाद शेपटी देतो. तिघांची सुरुवात एकाच जागी जुळवा, नाहीतर एका ठोक्याऐवजी भांडी कोसळल्यासारखं ऐकू येतं.

तव्याचा घुमणारा खर्ज हेडफोनवर छान वाटतो, पण फोनच्या स्पीकरला २०० हर्ट्झच्या खालचं फारसं झेपत नाही. बहुतेक प्रेक्षकांच्या कानात तुमचा ठोका त्या वाटीच्या ‘टक्’वरच उभा राहणार आहे, तेव्हा तो आवाज निवडायला सर्वांत जास्त वेळ द्या. दूरच्या मालगाडीची घरघर ठोक्याच्या क्षणी झाकली जाते, शेपटी विरताना वर येते. तिथेच शेपटी कापा आणि पुढचा भाग रिव्हर्बने भरा.

एडिटिंगच्या टाइमलाइनवर ठोका अचूक बसलाय, पण एक्स्पोर्ट करून फोनवर पाहिलं की उशिरा वाजतो. — नेरुळ

आधी ब्लूटूथचे इअरफोन काढा आणि फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर ऐका. ब्लूटूथने आवाज सहज १००-२०० मिलिसेकंद मागे पडतो. व्हिडिओ ॲप्स ही तूट बऱ्याचदा भरून काढतात, पण प्रत्येक ॲप ती सारखी भरत नाही. एडिटिंगही ब्लूटूथवर करू नका. तिथे कानाने ‘जुळवलेला’ ठोका मुळात आधी सरकलेला असतो.

स्पीकरवरही उशीर वाटला, तर एक्स्पोर्ट झालेली फाइल पुन्हा टाइमलाइनवर आणा आणि मूळ ठोक्याखाली ठेवा. अंतर दिसलं तर मूळ आवाज टाइमलाइनवर तेवढाच आधी सरकवा. इथे घाई नको. मासुंदा तलावाच्या पलीकडच्या काठावर फटाका आधी दिसतो आणि आवाज मागून येतो; मागून येणारा आवाज आपण सोसतो, आधी आलेला लगेच खटकतो. एका फ्रेमचा उशीर कुणाला कळणार नाही. दोन फ्रेम्स आधी वाजलेला ठोका मात्र पुष्कळांना बोचतो.

ऐरोलीच्या खाडीतल्या फ्लेमिंगोंच्या चित्रावर लोगो ठेवला की अक्षरांभोवती काळपट कड दिसते. — ऐरोली

लोगो काळ्या पार्श्वभूमीवर तयार झालाय आणि कडेच्या अर्धपारदर्शक पिक्सेलमध्ये तो काळा मिसळलाय. एडिटरमध्ये त्या क्लिपच्या अल्फाची सेटिंग ‘स्ट्रेट’वरून ‘प्रीमल्टिप्लाइड’ करा, कड जाईल. नवीन एक्स्पोर्ट करणार असाल तर ProRes 4444 घ्या. नेहमीच्या H.264 फाइलमध्ये पारदर्शकता राहतच नाही.

व्हिडिओचा एकूण आवाज मी −१४ एलयूएफएसला आणते, तरी लोगो आला की आई दचकते. — ठाणे, नौपाडा

तो आकडा अख्ख्या व्हिडिओची सरासरी सांगतो. दहा मिनिटांच्या बोलण्यात तीन सेकंदांचा ठोका त्या सरासरीत जवळजवळ दिसतच नाही, आणि यूट्यूब आवाज कमी करतं तेव्हा पूर्ण व्हिडिओ एकाच मापाने खाली आणतं. म्हणजे तुमचं बोलणं आणि ठोका यांतलं अंतर आहे तसंच राहतं.

म्हणून लोगो एकटा ऐकू नका. तुमच्या आधीच्या वाक्यापासून सुरू करा, लोगो जाऊ द्या, पुढचं वाक्य ऐका. फोनचा आवाज अशा बेताने ठेवा की बोलणं आरामात कळेल, आणि मग त्याला हात लावू नका. ठोका एकेक डेसिबलने खाली आणत जा. तो बोलण्याच्या वर डोकावेल, पण पुढचं वाक्य त्यानंतर बारीक वाटणार नाही, तिथे थांबा. शेपटी संपेपर्यंत वाट न पाहता ती विरत असतानाच बोलायला सुरुवात करा. आईला शेजारी बसवून ऐकवा, पण लोगो कधी येणार हे तिला सांगू नका.