फोन कॉलच्या रेकॉर्डिंगचं ट्रान्सक्रिप्शन स्टुडिओतल्या आवाजापेक्षा इतकं का चुकतं? आधी काही करता येतं का?

सगळ्यात आधी नॉइज रिडक्शन बंद करा.

कर्जवसुलीचे कॉल टंकित करून घेण्याचं काम मी तीन वर्षं सांभाळलं. एका कॉलमध्ये कर्जदार म्हणतो, "साठ हजार भरतो." आमच्या कागदावर आलं "आठ हजार". भांडण झालं, आणि खापर आमच्या पोरींच्या कानांवर फुटलं. मी मूळ फाइल काढून हेडफोनवर ऐकली, तर 'स' होता. पुसट, फुसफुसल्यासारखा, पण होता. मग 'स्वच्छ' केलेली फाइल लावली. तिच्यात सरळ 'आठ'. साहेबांनी हौसेने घेतलेल्या सॉफ्टवेअरने 'स'ला खरखर समजून पुसून टाकलं होतं.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. साधी टेलिफोन लाइन 300 ते 3400 हर्ट्झ एवढंच पुढे सोडते. स्वर तेवढ्यात मावतात, म्हणून माणूस ओळखू येतो. 'स'चा खरा जोर मात्र 4000च्या वर असतो. फोनवर उरते ती त्याची शेपटी, आणि ती खरखरीसारखीच दिसते. म्हणून तर आपण फोनवर नाव सांगताना 'एफ फॉर फादर' करत बसतो. स्टुडिओतल्या आवाजावर शिकलेलं मॉडेल 'स' शोधतं ती जागाच इथे रिकामी असते.

साहेबांचा दुसरा हट्ट होता, 8000चं सॅम्पलिंग 16000 करून 'एचडी' करायचा. मॉडेलला 16000 लागत असेल तर जरूर करा, पण त्याने गेलेलं परत येत नाही. स्पेक्ट्रोग्राम उघडून बघा, 4000च्या वर काळोखच दिसेल.

खरा फायदा दोन गोष्टींनी झाला. एक, मूळ फाइलच मागायची. आम्हाला साठवणुकीसाठी दाबलेली एमपी3 मिळायची, म्हणजे आधीच अर्धपोटी आवाजाला पुन्हा उपास. दुसरी, एजंट आणि ग्राहक वेगळ्या चॅनेलवर असतील तर ते एकत्र करू नका. दोघं एकदम बोलले की मिसळलेल्या फाइलमधून कोणाचंच धड हाती लागत नाही.

```
ffmpeg -i call.wav -filter_complex "channelsplit=channel_layout=stereo[a][b]" -map "[a]" a.wav -map "[b]" b.wav
```

यानंतरही चुका राहतातच. फोनच्याच आवाजावर शिकवलेलं मॉडेल मिळालं तर तेच घ्या. आणि रकमा, तारखा माणसाकडून मूळ फाइलवर ऐकून घ्या.

हो, एक राहिलं. व्होल्टीई कॉलचा पट्टा बहुधा 7000 हर्ट्झपर्यंत जातो. तसं रेकॉर्डिंग असेल तर ते 8000च्या सॅम्पलिंगवर उतरवू नका, 4000च्या वरचं सगळं जाईल. आमच्याकडे तेही व्हायचं. पंख्याची घरघर असेल तर 100 हर्ट्झच्या खालचं कापायला माझी हरकत नाही, कारण 'स' तिथे राहत नाही. साहेबांना हे मी तेव्हाच सांगितलं होतं, ईमेल अजून आहे.