प्रचारसभेच्या भाषणातल्या मोघम आश्वासनांचा सारांश तटस्थपणे कसा लिहावा?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या साप्ताहिकासाठी सभांचे सारांश लिहितो. परवा एक उमेदवार म्हणाले, "आमचं सरकार येऊ द्या, पहिल्याच बैठकीत शेतकऱ्याचा सातबारा कोरा करतो, पोरांच्या हाताला काम देतो आणि पाण्याचा प्रश्न कायमचा मिटवतो." जसंच्या तसं लिहिलं तर प्रचारपत्रक वाटतं, सोप्या शब्दांत लिहिलं तर मीच काहीतरी पदरचं घालतोय असं वाटतं. काय करावं?

उत्तर:

मोघमपणा हा त्या भाषणाचाच भाग आहे. तो दुरुस्त करायला जाऊ नका. नेमकेपणा आणायचा तो "वक्ता काय बोलला" यात. त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणं आपलं काम नाही. मी बरीच वर्षं बातम्यांवर संपादकीय हात फिरवतोय, आणि पदरचं घालण्याचे प्रकार बहुतेक वेळा हेतूने होत नाहीत. ते सवयीच्या शब्दांतून होतात.

तुमच्या वाक्यातला "सातबारा कोरा" घ्या. दहापैकी नऊ जण याचं "संपूर्ण कर्जमाफी" करतात, काही जण "शेतकरी कर्जमुक्त होणार" असं लिहितात. आता सातबारा डोळ्यासमोर आणा. गाव नमुना सातवर "इतर हक्क" या सदरात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा चढलेला असतो. कोरा करणं म्हणजे शब्दशः तो बोजा उतरवणं. त्यात पीककर्ज येईल, विहिरीसाठी किंवा पाइपलाइनसाठी काढलेलं मुदतीचं कर्जही येईल. पण सावकाराकडून हातउसने घेतलेले पैसे त्या कागदावर सहसा नसतात, सोनेतारण कर्जही नसतं. म्हणजे "कर्जमुक्त" लिहिलंत तर वक्त्याने न दिलेलं आश्वासन तुम्ही देऊन टाकलं. उलट "पीककर्ज माफ" लिहिलंत तर त्याच्या आश्वासनाला कात्री लावली. दोन्ही तुमचेच दावे.

मग योजनेच्या भाषेचा आधार घ्यावासा वाटतो आणि तिथेच माणूस घसरतो. आपल्याकडे २०१७ ची कर्जमाफी दीड लाखांपर्यंतची होती, २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत मर्यादा दोन लाख होती आणि थकबाकीची तारीखही ठरलेली होती. २०१७ च्या जून महिन्यात "सरसकट", "तत्त्वतः" आणि "निकष" हे शब्द एकाच निर्णयासाठी वापरले गेले, तेव्हा गावोगाव त्यांची थट्टा झाली होती, ती आठवत असेल. वाचकाच्या डोक्यात हे सगळं असतंच. तुम्ही नुसतं "कर्जमाफी योजना" लिहिलंत तरी मर्यादा, निकष, यादी हे सारं त्याला आपोआप दिसतं. तुमच्या उमेदवाराने योजना म्हटलेलं नाही, रक्कम म्हटलेली नाही. म्हणून मी "सातबारा कोरा" हे त्याचेच शब्द अवतरणात ठेवतो.

दुसरा सापळा आहे "पहिल्याच बैठकीत". हात आपोआप "मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीत" असं लिहितो. तोच अर्थ असण्याची शक्यता मोठी आहे, पण तो तसं बोलला का? ध्वनिमुद्रण ऐका. बोलला नसेल तर "पहिल्या बैठकीत" एवढंच.

क्रियापदाकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देतो, कारण मराठी सभेत आश्वासनाचं वजन तिथेच असतं. "करतो" याचा कर्ता "मी" असू शकतो, "आम्ही" असू शकतो. "केलं जाईल" म्हटलं की कर्ता गायबच. "झालं पाहिजे" ही मागणी आहे, आश्वासन नव्हे. "प्रयत्न करू" हे प्रयत्नाचं आश्वासन आहे, फळाचं नाही. सारांशात या सगळ्यांचं सरसकट "करणार असल्याचे सांगितले" होऊन जातं आणि जो सावधपणे बोलला तोही बांधला जातो.

आपल्या बाजूचं क्रियापदही तपासा. "घोषणा केली" म्हटलं की निर्णय झाल्यासारखा वाटतो. उमेदवार निर्णय घेऊ शकत नाही. "स्पष्ट केले" म्हणजे ते खरं आहे असं आपण मान्य केलं. भविष्यातल्या गोष्टीला "दावा केला" लावलं तर संशयाचा वास येतो. "आश्वासन दिलं" आणि "म्हणाले" ही दोन माझ्या मते पुरतात. दोनदा आलं तर कानाला खटकतं, खटकू द्या.

"हाताला काम" आणि "पाण्याचा प्रश्न" यांत धरण्यासारखं काहीच नाही. इथे "रोजगारनिर्मिती" किंवा "सिंचन" असे भारदस्त शब्द आणू नका. पाणी पिण्याचं की शेतीचं, हेच वक्त्याने सांगितलेलं नाही, तर सिंचन तुम्ही कुठून काढलंत?

मी असं लिहीन:

"आपलं सरकार आल्यास पहिल्याच बैठकीत शेतकऱ्यांचा 'सातबारा कोरा' करण्याचं आश्वासन उमेदवारांनी दिलं. कोणती कर्जं आणि किती रकमेपर्यंत, हे भाषणात आलं नाही. तरुणांना काम देण्याचं आणि पाण्याचा प्रश्न कायमचा मिटवण्याचं आश्वासनही त्यांनी दिलं."

मधल्या वाक्याबद्दल दोन शब्द. "भाषणात आलं नाही" हे लिहायचं तर भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेलं हवं. अर्धं ऐकून असं लिहिणं म्हणजे नवा दावाच. शिवाय एकाच्या सारांशात ही ओळ घातली की त्याच आठवड्यातल्या दुसऱ्याच्या मोघम आश्वासनालाही ती घालावी लागते. जागा कमी असेल तर दोघांचीही काढा. प्रत्येक आश्वासनामागे "पण तपशील दिला नाही" असं लिहीत गेलात तर तो सारांश न राहता टोमणा होतो. म्हणून मी ती फक्त रकमेचा प्रश्न उभा राहतो तिथे ठेवली.

नंतर मिळालेली माहिती मागे नेऊन चिकटवण्याचा मोहही होतो. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पी भाषणात अरुण जेटली म्हणाले की शेती आणि बिगरशेती क्षेत्रांतल्या कामांना सरकार नवी दिशा देईल, शेतकऱ्यांचं उत्पन्न २०२२ पर्यंत दुप्पट व्हावं यासाठी. कुठल्या वर्षाच्या दुप्पट, महागाई वजा करून की न करता, हे त्या वाक्यात नव्हतं. पुढे याच उद्दिष्टासाठी सरकारने नेमलेल्या अशोक दलवाई समितीने २०१५-१६ हे आधारवर्ष धरलं आणि महागाई वजा करून हिशेब मांडला. समितीच्या अहवालाचा सारांश लिहिताना हे आलंच पाहिजे. भाषणाच्या सारांशात मात्र ते घातलं की जेटलींच्या तोंडी समितीचं वाक्य जातं.

तुमच्या उमेदवाराने उद्या पत्रकार परिषदेत "दोन लाखांपर्यंत" म्हटलं, तर ती त्या तारखेची वेगळी ओळ करा. परवाच्या सभेचा मजकूर आहे तसाच राहू द्या.