सोडल्यावर वाढलेला खोकला आणि तोंडातले फोड

प्रश्न: "सिगारेट आणि तंबाखू दोन्ही बंद करून तीन आठवडे झाले. घसा आधीपेक्षा जास्त खवखवतोय, सकाळी कफ पडतो, तोंड आलंय. ओढत होतो तेव्हा एवढा त्रास नव्हता. परत एखादी ओढून बघू का?"

नका ओढू. ओढलीत तर खोकला थांबेल, आणि तोच खरा घोळ आहे.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. हे सगळं अनुभवातून आणि नंतर भेटलेल्या एका चांगल्या ईएनटी डॉक्टरांकडून कळलेलं आहे. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात. कफ आणि धूळ वर ढकलणं हे त्यांचं काम. धुराने ते मंदावतात आणि खोकल्याची संवेदनाही बोथट होते, म्हणून घाण आत साचत राहते आणि आपल्याला वाटतं, घसा ठीक आहे. धूर थांबला की काही आठवड्यांत तंतू पुन्हा कामाला लागतात. साचलेलं वर यायला लागतं, घसा जरा जरा गोष्टीला ठसकतो. सगळ्यांना हे होत नाही, पण ज्यांना होतं ते घाबरतात.

मी गेलो त्या दवाखान्यात कागदावर एकच रकाना होता: धूम्रपान, हो की नाही. मी "नाही" सांगितलं, कारण तेव्हा खरंच ओढत नव्हतो. कधी सोडलं, हे कुणी विचारलंच नाही. ताप नाही, धाप नाही, तरी अँटिबायोटिक. उतार नाही म्हणून दुसरं अँटिबायोटिक. वर खोकला दाबायचं सिरप. बाहेर पडू पाहणारा कफच अडवून ठेवला तर काय होणार? रात्री उबळ वाढली. शेवटी सोडल्याचा विषय मीच काढला, तर तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकवलं, "एकदम सोडलंत म्हणून शरीर बंड करतंय, दिवसाला एखाद-दुसरी ओढत जा." ओढली, आणि खोकला खरोखर शांत झाला! औषध लागू पडावं तसं. तंतू पुन्हा सुस्तावले होते, एवढंच. त्या सल्ल्यापायी मी कित्येक महिने पुन्हा ओढत राहिलो. त्या फीचं दुःख नाही, त्या महिन्यांचं आहे.

म्हणून डॉक्टरांकडे गेलात की पहिलं वाक्य हेच बोला: अमुक तारखेला सोडलं, त्यानंतर खोकला वाढला.

तोंड येणंही पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि साधारण महिनाभरात बसतं. कोमट पाण्याच्या पेलाभरात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश मात्र नको, तो आणखी झोंबतो.

तंबाखूचं गणित वेगळं आहे. बार जिथे धरायचात तिथली कातडी चुन्याने आणि तंबाखूने पांढरट, सुरकुतलेली होते. उजेडात आरशासमोर गाल आणि ओठ ओढून ती जागा बघा, फोटो काढून ठेवा. सोडल्यावर हा चट्टा काही आठवड्यांत फिका पडत गेला तर चांगलं. दीड महिन्यानंतरही तसाच राहिला, किंवा त्यात लाल भाग, कडकपणा दिसला, तर तुकडा काढून तपासायला सांगतील; टाळू नका. लाल भाग किंवा कडकपणा आत्ताच असेल तर दीड महिना थांबूही नका. सुपारीही खात असाल तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, तर आतली कातडी आखडत असू शकते. ती सुपारी सोडून पुढे वाढायची थांबू शकते, पण आपोआप पूर्ववत होत नाही.

माझ्या मते लक्ष ठेवायचं ते दिशेवर. सोडल्यानंतर सुरू झालेला त्रास आठवड्यागणिक उतरला पाहिजे. तीन आठवडे बसलेला आवाज, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला फोड, एकाच कानात दुखणं, मानेत गाठ, गिळताना अडकणं, थुंकीत रक्त, यातलं काहीही "सोडल्याचा परिणाम" म्हणून खपवू नका. रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

जाता जाता, निकोटिनचं च्युइंगगम घेत असाल तर खवखव त्याचीही असू शकते. साध्या गमसारखं सतत चघळलं की रस गिळला जातो आणि घसा जळतो, उचक्या लागतात. चव तिखट झाली की चघळणं थांबवून गालात ठेवायचं, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा थोडं चावायचं. आणि चहा-कॉफी कमी करा. सिगारेट सुटली की शरीर कॅफिन सावकाश पचवतं, त्यामुळे नेहमीचेच कप जास्त लागू होतात. पित्त घशाशी आलं की तेही खवखवतं, आणि नाव मात्र सोडलेल्या सिगारेटचं होतं.