बढतीनंतर जुन्या मित्राला ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’?

प्रश्न: इंदूरच्या एका कंपनीत आम्ही आठ वर्षं शेजारी बसून काम केलं. अरे-तुरेचीच मैत्री. आता मला बढती मिळाली आणि तो माझ्या हाताखाली आला. त्याच्याशी बोलताना, त्याला लिहिताना भाषा कशी ठेवू? एकदम ‘तुम्ही’ म्हणायला जीभ वळत नाही, आणि जुन्याच पद्धतीने सांगितलं तर तो ते मनावर घेत नाही.

उत्तर:

एकट्यात बोलताना ‘तू’ सोडू नका. अडचण ‘तू’मध्ये नाही, ती वाक्याच्या शेवटात असते. हे मी फार महागात शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी इंदूरला राहते आणि पीथमपूरच्या एका औषध कंपनीत क्वालिटीमध्ये आहे. ज्या मैत्रिणीबरोबर सात वर्षं कंपनीच्या बसमध्ये एकाच सीटवर बसून गेले, ती एका एप्रिलमध्ये माझ्या हाताखाली आली. आम्ही दोघी मराठी, बाकीचा विभाग हिंदी बोलणारा. पहिले दोन महिने मी काहीच बदललं नाही. मैत्री आहे, तिला समजतंच की, असं वाटायचं.

जूनमध्ये तीन बॅचचा माल परवा निघायचा होता. माल सोडण्याआधी प्रत्येक बॅचची पूर्ण नोंदवही, आम्ही तिला बीएमआर म्हणतो, पहिल्या पानापासून तपासावी लागते. वजनं, सह्या, वेळा, आणि शेवटी यील्डचा हिशोब, म्हणजे किती माल घातला आणि किती निघाला. सकाळी मी तिला व्हॉट्सॲपवर लिहिलं: ‘अगं, ते तीन बॅचचं आज आपण बघून टाकू ना, जमलं तर. परवा गाडी आहे.’ तिने अंगठा पाठवला. संध्याकाळी साडेपाचला तिच्या टेबलाशी गेले तर तिन्ही वह्या जशाच्या तशा. ती म्हणाली, ‘मी तुझी वाट बघत होते, आपण बघू म्हणालीस ना?’

ती खरं बोलत होती. माझं वाक्य पुन्हा वाचून बघा. ‘आपण बघू’ म्हणजे दोघींनी मिळून. ‘बघून टाकू’ म्हणजे उरकून घेऊ, फार काही नाही. ‘ना’ म्हणजे गळ. ‘जमलं तर’ म्हणजे नाही जमलं तरी चालेल. एवढ्या एका ओळीत मी काम कुणाचं ते सांगितलं नव्हतं, किती वाजेपर्यंत ते सांगितलं नव्हतं, आणि न करण्याची परवानगी मात्र देऊन ठेवली होती. बरोबरीच्या माणसाशी हीच भाषा योग्य असते, कारण तिथे आपल्याला हुकूम करायचा हक्क नसतो आणि समोरच्याचा मान राखायचा असतो. हक्क आल्यावर तीच भाषा समोरच्याला कोड्यात टाकते. इंदुरी हिंदीतलं ‘अपन कर लेंगे’ आपल्या मराठीत असं ‘आपण’ होऊन सतत तोंडी असतं, त्यामुळे आपल्याकडे हा घोळ जास्तच होतो.

गाडी एक दिवस उशिरा निघाली, आणि मग मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात इंग्रजीत ईमेल लिहिला. रोज तिला ‘हाय’ आणि नाव लिहायचे, त्या दिवशी ‘डिअर’ आणि आडनाव लिहिलं, वरच्या साहेबांना कॉपीत घेतलं. मजकुरात एकही वाईट शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली, आणि ऑफिसात माझ्याशी एकटी असतानाही हिंदीत बोलली, ‘जी मैडम, हो जाएगा.’ सात वर्षांत ती माझ्याशी एकट्यात कधी हिंदीत बोलली नव्हती. तुम्हालाही काय बिघडलंय हे ओळखायचं असेल तर मित्र एकट्यात कुठल्या भाषेत उत्तर देतो ते ऐका. ‘ओके’, ‘नोटेड’ नंतर येतात, भाषा आधी बदलते.

तुमची जीभ वळत नाही याचं कारणही इथेच आहे. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या आहेत. इंदूरमध्ये मित्र ‘तू’वरून ‘तुम’वर आला तर एकच पायरी चढतो, फार कुणाला लागत नाही. मराठीत मधली पायरीच नाही. सासरे, डॉक्टर, अनोळखी माणूस या सगळ्यांसाठी तेच ‘तुम्ही’. म्हणून आठ वर्षं ‘तू’ म्हटलेल्या माणसाला अचानक ‘तुम्ही’ म्हटलं की त्याला आदर ऐकू येत नाही, अबोला ऐकू येतो. घरात नवरा-बायको भांडल्यावर ‘तुमचं ताट वाढलंय’ म्हणतात ना, तसं.

म्हणून सर्वनाम तिथेच ठेवा आणि बाकीचं वाक्य बदला. त्याच तीन बॅचसाठी मी आज असं सांगेन: ‘या तिन्ही बॅचचे बीएमआर आज पाचपर्यंत तू तपासून संपव. यील्डचा हिशोब कुठे जुळला नाही तर लगेच मला सांग, प्रॉडक्शनशी मी बोलते.’ यात ‘तू’ आहे, मराठी आहे, आवाज नेहमीचाच आहे. पण काम कुणाचं, किती वाजेपर्यंत, आणि अडलं तर कुणी काय करायचं हे कळतं. शेवटचा भाग सोडू नका. नुसतं ‘पाचपर्यंत संपव’ हे साहेबाचं वाक्य झालं. ‘प्रॉडक्शनशी मी बोलते’ म्हटल्यावर माझ्या वाट्याला काय आलंय तेही तिला दिसतं. जुन्या मैत्रीतलं जे टिकवायचं आहे ते मला या अर्ध्या वाक्यात ठेवता आलं, ‘ना’ आणि ‘जरा’मध्ये नाही.

‘संपव’ कानाला कडक वाटत असेल तर ‘संपवशील का?’ म्हणता येतं. पण मी स्वतःला एक बंधन घातलंय: उत्तर ‘नाही’ आलं तर चालणार असेल तेव्हाच प्रश्न विचारायचा. शनिवारी येण्याबद्दल विचारायचं तर ‘येशील का?’, कारण ती खरंच नाही म्हणू शकते. उद्याच्या मालाबद्दल ‘बघशील का?’ विचारून तिने ‘आज नाही जमणार’ म्हटल्यावर मी तोंड वाकडं केलं, तर चूक माझी.

चारचौघांत मात्र नियम वेगळा. आमची मीटिंग हिंदीत होते. तिथे मी विभागातल्या सहाही जणांना एकाच दिवसापासून ‘आप’ आणि नावापुढे ‘जी’ लावायला लागले, त्यात बावीस वर्षांचा ट्रेनीही आला. हे सगळ्यांना एकदम लावणं फार गरजेचं आहे. फक्त मैत्रिणीला ‘आप’ म्हटलं असतं तर तिला ती शिक्षा वाटली असती, आणि फक्त तिलाच ‘तू’ ठेवलं असतं तर बाकी पाच जणांनी तिच्या रजा आणि माझ्या सह्या मोजल्या असत्या. त्याच बरोबर मीटिंगमध्ये मराठी बंद केलं. पूर्वी आम्ही दोघी कडेला हळूच मराठीत एखादं वाक्य बोलून घ्यायचो. बरोबरीच्या होतो तोवर कुणाला त्याचं काही नव्हतं. बढतीनंतर एकाने हसत विचारलं, ‘मराठी में क्या सेटिंग चल रही है?’ तो हसत होता, पण प्रश्न खरा होता.

लेखी भाषेबद्दल थोडंच सांगते. व्हॉट्सॲपवर गप्पा चालू द्या, कामाचं वाटप मात्र ईमेलवर करा, आणि ईमेल सगळ्यांना एकाच साच्यातला जाऊ द्या. मराठीत लिहायची वेळ आली तर सर्वनाम टाळता येतं, ‘अहवाल शुक्रवारी दुपारपर्यंत यावा’ यात तूही नाही आणि तुम्हीही नाही. पण हे ‘यावा, करावा, पाठवावा’ कागदापुरतंच. मित्राला व्हॉट्सॲपवर ‘पाठवावे’ लिहिलं तर ते ‘तुम्ही’पेक्षा जास्त लागतं. आणि ‘आपण’ सूचनेत वापरूच नका. ‘आपण’ म्हणजे आपण दोघं, आणि ‘आपण’ म्हणजे अति आदराचं तुम्हीही. ‘आपण बघू’ म्हटलं तर काम कुणाचं ते कळत नाही, ‘आपण बघावं’ म्हटलं तर मित्र परका होतो.

चूक दाखवायची असेल तर ती लिहून दाखवण्याआधी एकट्यात, मराठीत, ‘तू’ म्हणून सांगा. मग कागदावर फक्त घडलेलं लिहा. आमच्या वहीत चुकीचा आकडा खोडायचा तर त्यावर एकच रेघ मारतात, जुना आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. ती एकदा गिरवून बसली होती. तिला म्हटलं, ‘पान बारावर तू आकडा गिरवलायस, हे ऑडिटमध्ये पकडलं जाईल, आज नोंद करू या.’ नोंदीत पान, तारीख आणि काय झालं एवढंच लिहिलं. ‘तू नेहमी घाई करतेस’ हे मैत्रीत मी शंभरदा म्हटलंय. आता म्हणत नाही, कारण आता तिच्या वार्षिक मूल्यमापनावर सही माझी असते आणि तेच वाक्य तिला शेरा म्हणून ऐकू येतं.

त्या ईमेलनंतर मी चार दिवस थांबले आणि मग कँटीनमध्ये तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, ‘तो मेल मी रागात लिहिला. साहेबांना कॉपी टाकण्याआधी तुझ्याशी बोलायला हवं होतं. यापुढे काम सांगेन तेव्हा सरळ सांगेन, तुला ते कडक वाटलं तर मला तिथल्या तिथे सांग. मीटिंगमध्ये सगळ्यांनाच आप म्हणणार आहे, तुलाही.’ ती लगेच विरघळली वगैरे नाही. ‘बरं’ म्हणाली आणि डबा बंद केला. पण ‘बरं’ मराठीत होतं. बसमधली सीट परत यायला पावसाळा संपावा लागला.

ती मला ऑफिसात अजून ‘मॅडम’ म्हणते. मी अडवलं नाही. तुमचा मित्र ‘सर’ म्हणायला लागला तर ‘अरे सर काय म्हणतोस’ असं सगळ्यांसमोर म्हणू नका. चारचौघांत काय म्हणायचं ते त्याने त्याच्या सोयीने ठरवलेलं असतं.

एक गोष्ट मी उलट्या क्रमाने केली, ती तुम्ही सरळ करा. कँटीनमधलं ते बोलणं मी भांडणानंतर केलं. तुमचं अजून भांडण झालेलं नाही. पुढचं मोठं काम वाटण्याआधी त्याला चहाला घेऊन जा आणि त्यातली शेवटची दोन वाक्यं आधीच बोलून घ्या.