‘यंत्राने सड थांबते का?’ या प्रश्नाचं उत्तर

प्रश्न : सर, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. चाळीत साठवलेला कांदा सडू लागला की लवकर कळावं म्हणून आमच्या गटाने गॅस सेन्सरवर चालणारं यंत्र केलंय. मागच्या फेरीत पाच मिनिटांत स्लाइड संपल्याच नाहीत. मग एका परीक्षकांनी ‘यंत्राने सड थांबते का?’ असं विचारलं, तेव्हा माझा आवाज चढला आणि मी वाद घालत बसले. पुढची फेरी तीन आठवड्यांवर आहे. पाच मिनिटं कशी वापरू आणि प्रश्नांना शांतपणे कशी सामोरी जाऊ?
— एक विद्यार्थिनी, नाशिक जिल्हा

उत्तर : त्या परीक्षकांच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘नाही’ असं आहे. तुमचं यंत्र सड थांबवत नाही, ती सुरू झाल्याचं सांगतं. थांबवायचं काम शेतकऱ्यालाच करावं लागतं, म्हणजे चाळ उघडायची, खराब माल निवडून काढायचा किंवा सरळ विकून टाकायचा. हे ‘नाही’ तुझ्या सादरीकरणात आधीच आलं असतं, तर तो प्रश्न आलाच नसता.

म्हणून पहिल्या मिनिटातच यंत्राची हद्द आखून दे. उन्हाळी कांदा एप्रिल-मेच्या सुमारास चाळीत जातो आणि दिवाळीच्या आसपासपर्यंत थोडा थोडा बाहेर निघतो. या काळात नुकसान तीन वाटांनी होतं: पाणी उडून वजन घटतं, कोंब फुटतात आणि कांदा सडतो. तुमचं यंत्र फक्त तिसऱ्या वाटेवर पहारा देतं. हे तू स्वतः म्हणालीस की पॅनेलला तुझ्यावर विश्वास ठेवायला कारण मिळतं. ‘कांद्याचं नुकसान थांबवणारं यंत्र’ असं म्हणालीस, तर वजनातल्या घटीचं काय, हे कोणीतरी विचारणारच.

आता घड्याळ. भाषण साडेचार मिनिटांचं लिही. उरलेला अर्धा मिनिट अडखळण्यात जातोच. पहिलं मिनिट तू प्रत्यक्ष पाहिलेल्या एका चाळीला आणि वर सांगितलेल्या हद्दीला दे. पुढचं मिनिट यंत्राला. पण मंचावर यंत्र चालू करून दाखवायच्या फंदात पडू नकोस. या प्रकारच्या सेन्सरमधला हीटर तापून वाचन स्थिर व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ तुझ्याकडे नाही. चाळीत घेतलेली वीस सेकंदांची चित्रफीत पुरे. त्यानंतरचं दीड मिनिट चाचणीला दे, कारण पॅनेलचा खरा रस तिथे असतो: किती दिवस, कुठे, यंत्राने इशारा दिला तेव्हा आत खरोखर काय सापडलं, आणि चुकीचा इशारा कितीदा आला. उरलेल्या वेळात पैसे आणि तुमची मागणी. मागणी नेमकी हवी. ‘आम्हाला पाठिंबा हवा’ यापेक्षा ‘पुढच्या हंगामात दहा चाळींत यंत्र बसवण्यासाठी इतका निधी हवा’ असं म्हण. बाकीच्या स्लाइड शेवटच्या स्लाइडमागे ठेव. प्रश्न आला तरच उघडायच्या.

सर्वात जास्त वेळ मात्र आकड्यांवर घालव, कारण घाबरगुंडी तिथेच उडते. सादरीकरणातल्या प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलने लिही: मोजलेला, ऐकलेला की गृहीत धरलेला. उदाहरण म्हणून २५ टनांची, म्हणजे २५० क्विंटलची चाळ घेऊ. वेळेवर कळल्यामुळे शंभरातले चार किलो कांदे वाचतात असं धरलं, तर १० क्विंटल वाचले. भाव क्विंटलला १५०० रुपये धरला तर १५,००० रुपये झाले. यंत्र ६,००० रुपयांचं असेल तर फायदा दिसतो. पण चाळीची क्षमता मोजलेली आहे, भाव बाजार समितीतला आहे आणि ते ‘चार’ तू गृहीत धरलेलं आहे. पॅनेल नेमकं त्या चारवर बोट ठेवणार.

म्हणून हिशेब उलटा मांड. ‘यंत्राची किंमत निघायला चार क्विंटल कांदा वाचावा लागतो. २५० क्विंटलच्या चाळीत हे दोन टक्क्यांहूनही कमी आहे.’ आता तू कसलंही भाकीत करत नाहीस, अट सांगतेस. एकच टक्का वाचला तर काय, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे: अडीच क्विंटल, ३,७५० रुपये, म्हणजे खर्च निघायला दुसरा हंगाम लागेल. हे बोलताना आवाज चढवायची गरजच पडत नाही.

या हिशेबात एक खर्च मात्र राहिलाय. इशारा आल्यावर चाळ उघडून कांदा निवडायला मजूर लागतात. पॅनेलवर शेतीतला कोणी असेल तर तो हेच विचारेल. ती मजुरी गावात विचारून हिशेबात धर, आणि मग चार क्विंटलांचे पाच-सहा झाले तरी होऊ देत.

प्रत्यक्ष उत्तर देताना हातात वही-पेन ठेव. प्रश्न पूर्ण होऊ दे, दोन शब्दांत टिपून घे. लिहिण्यात जे दोन-तीन क्षण जातात, तेवढ्यात श्वास जागेवर येतो. एका दमात दोन प्रश्न आले तर दोन्ही टिप आणि आधी कोणता घेतेस ते सांग. प्रश्न समजला नाही तर तसं म्हण. चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कामाचं नाही. उत्तराचा पहिला शब्द हो, नाही किंवा आकडा असावा. मग एक कारण, आणि थांब. बहुतेक जणी इथेच घसरतात: उत्तर झाल्यावरची शांतता सहन होत नाही, म्हणून बोलत राहतात आणि नवा प्रश्न ओढवून घेतात.

तुम्हाला हमखास येणारा प्रश्न घे. ‘पावसाळ्यात हवेतली आर्द्रता वाढली तरी हा सेन्सर वाचन बदलतो. मग सड झाल्याचं कशावरून?’ मला चालेल असं उत्तर: ‘हो, बदलतो. म्हणून आम्ही शेजारी आर्द्रतेचा सेन्सर लावलाय आणि दोन्ही वाचनं एकत्र पाहतो. तरीही जोराच्या पावसात चुकीचे इशारे आले. त्या नोंदी या स्लाइडवर आहेत.’ तो दुसरा सेन्सर तुम्ही लावलेला नसेल, तर तेही तितक्याच सरळपणे सांग आणि तीन आठवड्यांत लावून बघ.

उत्तर ठाऊकच नसेल, तर काय माहीत आहे, काय नाही आणि ते कसं शोधशील, एवढंच सांग. ‘बटाट्याला चालेल का, हे आम्ही तपासलेलं नाही. आमच्या नोंदी फक्त कांद्याच्या आहेत,’ हे पूर्ण उत्तर आहे. ‘असं यंत्र बाजारात आधीच आहे’ हे परीक्षकाचं विधानही प्रश्नच समज. त्यांच्याकडची माहिती खरी असू शकते, तेव्हा ‘कोणतं, सांगाल का?’ असं विचार आणि तुमच्यात फरक असेल तर तेवढाच मांड.

गटात कोण कशाचं उत्तर देणार हे आधी ठरवा: सेन्सर एकाकडे, हिशेब एकाकडे. एकाचं बोलणं दुसऱ्याने मंचावर दुरुस्त करायचं नाही, आकडाच चुकला असेल तर गोष्ट वेगळी.

सराव आरशासमोर नको. चाळ असलेला एखादा शेतकरी आणि दुसऱ्या शाखेचे एक प्राध्यापक यांना समोर बसव, मध्येच तोडायला सांग, आणि त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न एका सोबत्याकडून लिहून घे. त्यातले जे प्रश्न दोघांनीही विचारले, त्यांची उत्तरं भाषणातच घाल आणि भाषण पुन्हा साडेचार मिनिटांत बसव.